कमाल टप्प्यावर थांबलेले वेतन, कुंठित वेतनवाढ आणि 2006 ची वेतननिश्चिती

सायली_प

माझे वडील केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून 31 मे 2008 रोजी निवृत्त झाले. आता त्यांचे वय 77 आहे. सेवेच्या शेवटच्या काळात ते 5000-150-8000 या वेतनश्रेणीत होते आणि 1 नोव्हेंबर 2000 रोजी 8,000 या कमाल टप्प्यावर पोचले. त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे नोव्हेंबर 2002 मध्ये, त्यांना पहिली कुंठित वेतनवाढ, म्हणजे कमाल टप्प्यावर थांबलेल्या कर्मचाऱ्याला दर दोन वर्षांनी मिळणारी वाढ, मिळून मूळ वेतन 8,150 झाले. दुसरी नोव्हेंबर 2004 मध्ये मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. सेवापुस्तकाच्या छायाप्रतीत असे दिसते की 2003 मध्ये त्यांनी पाच महिन्यांची असाधारण रजा घेतली होती आणि त्यामुळे पुढील वेतनवाढीची तारीख एप्रिल 2005 अशी लिहिली आहे. मात्र एप्रिल 2005 मध्येही वेतनवाढ दिल्याची नोंद नाही. त्याच सुमारास त्यांची बदली झाली होती आणि नवीन कार्यालयाने 8,150 हेच वेतन पुढे चालू ठेवले.

निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, शेवटचे वेतन 20,540 आहे. सातव्या वेतन आयोगानंतर मूळ निवृत्तिवेतन 26,800 झाले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. ती एक वेतनवाढ न मिळाल्याने वडिलांचे आज दरमहा किती नुकसान होत आहे? आणि इतक्या वर्षांनी त्याबाबत अर्ज करता येईल का?

अनंत_दि

सायलीताई, मीही केंद्र सरकारच्या सेवेतूनच निवृत्त झालो आहे. माझ्या समजुतीप्रमाणे कुंठित वेतनवाढ हे वैयक्तिक वेतन असते आणि नवीन वेतन आयोग लागू झाला की ते त्यात विरून जाते. त्यामुळे 2004 ची वेतनवाढ मिळाली असती तरी जानेवारी 2006 नंतर तिचा काही उपयोग झाला नसता, असे मला वाटते. नुकसान झालेच असेल तर ते त्या चौदा महिन्यांपुरतेच असावे.

पासबुक

आमच्या बँकेत तरी असे होत नाही. मी लिपिक आहे आणि बाराव्या द्विपक्षीय करारातील श्रेणीच्या टोकाला, म्हणजे 64,480 वर पोचलो आहे. यापुढची कुंठित वेतनवाढ 2,680 रुपयांची असेल आणि ती मूळ वेतनातच मिळवली जाईल. महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन या दोन्हींसाठी ती धरतात. आपल्या वडिलांनी संघटनेमार्फत प्रश्न मांडला असता तर तो तेव्हाच सुटला असता. कराराची प्रत संघटनेच्या कार्यालयात मिळेल.

सायली_प

आपल्या माहितीबद्दल आभार. मात्र वडील बँकेत नव्हते, त्यामुळे द्विपक्षीय करार त्यांना लागू होत नाही.

जमाखर्च

वेतननिश्चिती आणि निवृत्तिवेतन हेच माझे आयुष्यभराचे काम असल्याने सविस्तर लिहितो.

प्रथम अनंतरावांच्या मुद्द्याविषयी. पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेणींमध्ये कमाल टप्प्यावर दोन वर्षे पूर्ण झाली की एक, याप्रमाणे जास्तीत जास्त तीन कुंठित वेतनवाढी मिळत होत्या. सहाव्या वेतन आयोगाचे वेतन 1 जानेवारी 2006 पासून लागू करणाऱ्या 2008 च्या सुधारित वेतन नियमांमध्ये ‘विद्यमान मूळ वेतन’ याची जी व्याख्या आहे, तिच्यात कुंठित वेतनवाढींचा समावेश स्पष्ट शब्दांत केलेला आहे. म्हणून 1 जानेवारी 2006 रोजी 1.86 ने गुणायचे वेतन 8,000 धरायचे नसून, कुंठित वेतनवाढींसह जे असेल ते धरायचे. ती रक्कम विरून जात नाही, उलट नवीन वेतनाच्या पायात जाते.

आता पाच महिन्यांची रजा. असाधारण रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतली असेल तर ती वेतनवाढीसाठी धरली जाते. प्रमाणपत्राविना घेतली असेल तर तेवढ्या काळाने वेतनवाढ पुढे जाते. सेवापुस्तकात रजेच्या मंजुरीची नोंद शोधा आणि तिच्यापुढे ‘वै.प्र.वर’ किंवा त्या अर्थाचे काही लिहिले आहे का ते पाहा. तसे असेल तर तारीख पुढे ढकलणेच चुकीचे होते. तसे नसेल, तरीही एप्रिल 2005 ही तारीख 1 जानेवारी 2006 च्या आधीचीच आहे. म्हणजे कार्यालयाचे म्हणणे पूर्णपणे मान्य केले तरी जानेवारी 2006 मध्ये वडिलांचे वेतन 8,300 असायला हवे होते.

पुढचा हिशेब करण्यापूर्वी एक विनंती आहे. आपल्याकडे 1 जानेवारी 2006 च्या वेतननिश्चितीचे पत्रक असेल तर त्यावरील सर्व तारखा आणि आकडे जसेच्या तसे इथे लिहा. केवळ शेवटच्या वेतनावरून मी काही सांगणार नाही.

सायली_प

पत्रक मिळाले. त्यावर असे आहे:

1.1.2006: वेतन 15,160, ग्रेड पे 4,200, एकूण 19,360
1.7.2006: वेतनवाढ 580, एकूण 19,940
1.7.2007: वेतनवाढ 600, एकूण 20,540

रजेच्या मंजुरीपुढे ‘वैद्यकीय कारणास्तव’ असे लिहिले आहे. प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. वडील सांगतात की त्या वर्षी त्यांची मणक्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि प्रमाणपत्र दिले होते, पण त्याची प्रत आज घरात सापडत नाही.

जमाखर्च

धन्यवाद. या तीन ओळींमुळे प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे, ते क्रमाने सांगतो.

आधी आपण विचारलेला हिशेब. दुसरी कुंठित वेतनवाढ मिळाली असती तर 8,300 ला 1.86 ने गुणून 15,438 आले असते आणि ते पुढच्या दहाच्या पटीत नेऊन 15,440 झाले असते. ग्रेड पे 4,200 मिळवल्यावर 19,640. त्यावर 3 टक्क्यांप्रमाणे जुलै 2006 मध्ये 590 मिळून 20,230 आणि जुलै 2007 मध्ये 610 मिळून 20,840. म्हणजे निवृत्तीच्या दिवशी वेतनात 300 रुपयांचा आणि मूळ निवृत्तिवेतनात 150 रुपयांचा फरक पडला असता. जुलै 2007 नंतर वेतन बदललेले नाही, त्यामुळे शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी आणि शेवटचे वेतन एकच येते आणि तिथे काही गुंता नाही. 300 रुपयांच्या फरकावर त्या वेळचा 12 टक्के महागाई भत्ता धरून साडेसोळा महिन्यांचे उपदान 5,544 रुपयांनी आणि तीनशे दिवसांचे रजा रोखीकरण 3,360 रुपयांनी कमी मिळाले असे दिसते.

परंतु 2016 पासून काय झाले ते पाहा. सातव्या आयोगानंतर जुन्या निवृत्तिवेतनधारकांचे काल्पनिक वेतन, म्हणजे निवृत्तीच्या वेळचे वेतन नव्या दराने धरून येणारे वेतन, नव्या वेतनसारणीत बसवण्यात आले. 20,540 ला 2.57 ने गुणले तर 52,788 येतात. सहाव्या स्तरात 52,000 नंतरचा टप्पा 53,600 आहे, म्हणून वेतन 53,600 आणि निवृत्तिवेतन 26,800. आपल्या वडिलांना हेच मिळते आहे. आता 20,840 ला गुणा. 53,559 येतात आणि टप्पा पुन्हा तोच, 53,600. म्हणजे जी वेतनवाढ आपण शोधत आहात ती मिळाली असती तरी 1 जानेवारी 2016 पासूनचे निवृत्तिवेतन एका रुपयानेही वाढले नसते. त्या वेतनवाढीचे नुकसान खरे आहे, पण ते डिसेंबर 2015 ला संपले.

आता आपण न विचारलेली गोष्ट, आणि माझ्या मते हीच मुख्य गोष्ट आहे. 2008 च्या नियमांत वेतनवाढीच्या तारखेसंबंधीचा जो नियम 10 आहे, त्याला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, आहे. जो कर्मचारी 1 जानेवारी 2006 रोजी जुन्या श्रेणीच्या कमाल वेतनावर एक वर्षाहून अधिक काळ होता, त्याला सुधारित रचनेतील पुढची वेतनवाढ 1 जानेवारी 2006 रोजीच द्यायची आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे 1 जुलैची वेतनवाढ चालू ठेवायची. आपले वडील नोव्हेंबर 2000 पासून कमाल टप्प्यावर होते. त्यांच्या पत्रकात 1.1.2006 ची एकच ओळ आहे, तिथे दोन हव्या होत्या.

ही वेतनवाढ धरून हिशेब करू. आपण 2004 ची वेतनवाढ तूर्त विसरून जाऊ आणि 8,150 वरूनच निघू. 1 जानेवारी 2006 रोजी 19,360, त्याच दिवशी 580 मिळून 19,940. जुलै 2006 मध्ये 600 मिळून 20,540. जुलै 2007 मध्ये 620 मिळून 21,160. याला 2.57 ने गुणले की 54,381 येतात आणि सारणीतला टप्पा 55,200 होतो. निवृत्तिवेतन 27,600. आज मिळते त्यापेक्षा दरमहा 800 रुपये मूळ निवृत्तिवेतन अधिक, आणि त्यावर महागाई सवलत. हे नुकसान 2016 ला थांबलेले नाही, ते या महिन्यातही होत आहे.

विनायक_ना

जमाखर्च साहेब, आपल्याविषयी आदर ठेवून लिहितो, पण इथे गल्लत होते आहे. जानेवारी 2006 ची वेतनवाढ ज्यांची जुनी वेतनवाढीची तारीख फेब्रुवारी ते जून यांदरम्यान येत होती त्यांच्यासाठी होती. त्याचा आदेश 2012 मध्ये निघाला आणि आमच्या कार्यालयात त्यानुसार अनेकांची वेतननिश्चिती बदलली. सायलीताईंच्या वडिलांची तारीख नोव्हेंबर आहे, त्यामुळे त्यांना तो आदेश लागू होत नाही.

जमाखर्च

आपण सांगता तो आदेश खरा आहे आणि नोव्हेंबरची तारीख असलेल्यांना तो लागू नाही, हेही खरे. पण ती वेगळी सवलत आहे. ज्यांना फेब्रुवारी ते जूनमध्ये वेतनवाढ मिळायची होती त्यांना एकदम जुलैपर्यंत थांबावे लागले, म्हणून 2012 मध्ये ती देण्यात आली. मी ज्या परंतुकाविषयी लिहितो आहे ते 2008 च्या मूळ नियमांतच आहे आणि त्यात महिन्याची अट नाही. त्याची अट एकच आहे, कमाल वेतनावर एक वर्षाहून अधिक काळ. त्यामागचे कारणही उघड आहे. जो वर्षभराहून अधिक काळ वेतनवाढीविना थांबला आहे, त्याला नवीन रचनेत आल्यावर आणखी सहा महिने थांबवू नये.

अनेक कार्यालयांत पत्रके घाईने तयार झाली. मी पाहिलेल्या प्रकरणांत हे परंतुक सुटण्याचे कारण बहुधा एकच होते. पत्रक तयार करणाऱ्याने कर्मचाऱ्याचे वेतन 8,150 पाहिले, श्रेणीचे कमाल वेतन 8,000 पाहिले, आणि हा माणूस कमाल वेतनावर नाहीच असे धरून पुढे गेला.

रेवा_वकील

मी सेवाविषयक प्रकरणे चालवते, म्हणून या शेवटच्या वाक्यावर थांबते. कार्यालयाच्या वतीने नेमका हाच युक्तिवाद होईल की परंतुकात ‘श्रेणीचे कमाल वेतन घेत असलेल्या व्यक्ती’ असे शब्द आहेत आणि 8,150 घेणारी व्यक्ती श्रेणीचे कमाल वेतन घेत नसून त्याहून अधिक घेत होती. कुंठित वेतनवाढ देऊन तिच्या थांबण्याची भरपाई आधीच झाली आहे, तिला पुन्हा सवलत कशासाठी, असेही म्हटले जाईल. हा युक्तिवाद मला पटत नाही, पण तो अगदीच पोकळ आहे असेही मी म्हणणार नाही.

जमाखर्च

मला तो पोकळच वाटतो. कुंठित वेतनवाढ मिळाल्याने श्रेणी लांबत नाही. श्रेणी 8,000 लाच संपते आणि कर्मचारी त्या टोकावर आहे म्हणूनच तर त्याला ती वेतनवाढ मिळते. दोन वर्षांतून एकदा वाढ मिळणाऱ्याला टोकावर नाही म्हणायचे आणि नुकताच टोकावर पोचून एकही कुंठित वेतनवाढ न मिळालेल्याला मात्र परंतुकाचा लाभ द्यायचा, हे न्यायाला धरून नाही. जो अधिक काळ थांबला तोच वगळला जाईल.

रेवा_वकील

न्यायाच्या दृष्टीने आपले म्हणणे बरोबर आहे. शब्दांच्या दृष्टीने मात्र निर्णय कोणाच्या बाजूने लागेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून आधी कार्यालयाकडे अर्ज करावा आणि न्यायाधिकरणात लगेच जाऊ नये, असा माझा सल्ला आहे.

विलंबाविषयीही सांगते, कारण सायलीताईंनी ते विचारले होते. चुकीच्या वेतननिश्चितीमुळे दरमहा कमी रक्कम मिळत असेल तर ते सतत चालू राहणारे नुकसान मानले जाते, आणि तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की अशा दाव्यात उशीर झाला तरी दाद मिळू शकते, मात्र थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. हे तत्त्व आपल्या दोन मागण्यांना लावून पाहा. 2004 च्या वेतनवाढीचे नुकसान 2015 अखेर संपले असल्याने मागच्या तीन वर्षांची थकबाकी शून्य येते. जानेवारी 2006 च्या वेतनवाढीचे नुकसान मात्र चालू आहे, त्यामुळे छत्तीस महिन्यांचे 28,800 रुपये, त्यावरील महागाई सवलत आणि पुढचे सुधारित निवृत्तिवेतन एवढे मागता येते. आईंच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण साधे कुटुंब निवृत्तिवेतन काल्पनिक वेतनाच्या 30 टक्के असते, म्हणजे 16,080 ऐवजी 16,560 होईल.

सायली_प

मी इतके दिवस चुकीच्याच वेतनवाढीच्या मागे होते असे दिसते. आज संध्याकाळी वडिलांना हे दाखवले. त्यांचे म्हणणे असे पडले की 2004 ची वेतनवाढ हा त्यांचा हक्क होता आणि पैसे मिळोत अथवा न मिळोत, तिची नोंद सेवापुस्तकात झाली पाहिजे. मग मी दोन्ही मागण्या एकाच अर्जात कराव्यात का?

रेवा_वकील

वडिलांच्या भावनेचा मी आदर करते, पण एका अर्जात दोन्ही मागण्या करताना एक धोका आहे आणि तो पूर्ण समजून घ्या. कार्यालयाने रजेमुळे तारीख पुढे ढकलली होती. आपण अर्ज केला आणि कार्यालयाने उदार होऊन दुसरी कुंठित वेतनवाढ एप्रिल 2005 पासून मंजूर केली असे समजा. त्याच पत्राच्या पुढच्या परिच्छेदात ते लिहू शकतात की या कर्मचाऱ्याला 1 जानेवारी 2006 पूर्वी नऊच महिने आधी वेतनवाढ मिळालेली असल्याने तो वर्षभर थांबलेला नाही, सबब परंतुकाचा लाभ देता येत नाही. म्हणजे जी मागणी आज एक रुपयाही देत नाही ती मान्य होईल आणि जी दरमहा 800 रुपये देते ती फेटाळली जाईल.

जमाखर्च

हा धोका खरा आहे, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. मागणी नोव्हेंबर 2004 पासूनची केली आणि रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर होती हे सिद्ध झाले, तर 1 जानेवारी 2006 रोजी चौदा महिने पूर्ण होतात आणि तो आक्षेपच उरत नाही. म्हणून आधी रजेचा कागद मिळवावा. माहितीच्या अधिकारात 2003 च्या रजा मंजुरीचा आदेश, रजेचा हिशेब आणि सेवापुस्तकाच्या त्या वर्षाच्या पानांच्या प्रती मागवाव्यात. मंजुरी आदेशात प्रमाणपत्राचा उल्लेख असेल तर दोन्ही मागण्या निर्धास्तपणे एकत्र कराव्यात. तो उल्लेख नसेल किंवा आदेशच नष्ट झाला असेल, तर मात्र रेवाताईंचे ऐकावे आणि फक्त जानेवारी 2006 ची मागणी करावी.

अर्ज शेवटच्या कार्यालयाच्या प्रमुखांना करायचा, बँकेला नव्हे. बँक फक्त पैसे देते, तिला वेतननिश्चिती बदलता येत नाही. कार्यालय सुधारित पत्रक तयार करील, ते वेतन व लेखा कार्यालयाकडे जाईल, तिथून केंद्रीय निवृत्तिवेतन लेखा कार्यालयाकडे सुधारित अधिकारपत्र जाईल आणि मग बँकेला कळेल. दोन-अडीच महिन्यांत उत्तर आले नाही तर निवृत्तिवेतनाच्या तक्रारींसाठीच्या CPENGRAMS या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. अर्जाबरोबर पीपीओ, 2006 चे पत्रक, आणि कमाल टप्पा गाठल्याची नोव्हेंबर 2000 ची सेवापुस्तकातील नोंद एवढेच जोडावे. जास्त कागद जोडले की मूळ मुद्दा खाली जातो.

विनायक_ना

2012 च्या आदेशाबाबतचा खुलासा पटला. मात्र मला आणखी एक शंका आहे. तीन कुंठित वेतनवाढींची मुभा होती, तर तिसरी नोव्हेंबर 2006 मध्ये का मागू नये? जुन्या श्रेणीत काही काळ राहण्याचा विकल्प होता, हे मला आठवते.

जमाखर्च

विकल्प होता, पण तो ठरावीक मुदतीत द्यायचा होता आणि ती मुदत केव्हाच संपली. शिवाय तो या प्रकरणात तोट्याचा ठरला असता. नोव्हेंबर 2006 मध्ये 8,450 वर नवीन रचनेत आले असते तर 15,720 आणि ग्रेड पे मिळून 19,920 झाले असते, आणि जुलै 2007 ची वेतनवाढ मिळून 20,520. आज नोंदवलेल्या 20,540 पेक्षाही हे 20 रुपयांनी कमी आहे.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वरील चर्चा वाचून विचारते, सातव्या वेतन आयोगात आम्ही स्तराच्या शेवटच्या टप्प्यावर पोचलो तर कुंठित वेतनवाढ मिळेल का?

जमाखर्च

ताई, माझा अनुभव केंद्राच्या नियमांचा आहे, राज्याच्या नियमांसाठी आपल्या पंचायत समितीच्या लेखा शाखेत विचारावे. केंद्राच्या सारणीत स्तर इतके लांब केले आहेत की बहुतेकांवर ही वेळ येत नाही. सहावा स्तर 35,400 पासून 1,12,400 पर्यंत चाळीस टप्प्यांचा आहे. शेवटच्या टप्प्यानंतर वेतनवाढ थांबते आणि जुन्यासारखी दोन वर्षांनी मिळणारी वाढ आता नाही. मधल्या काळात, सहाव्या आयोगात, वेगळीच पद्धत होती. वेतनबँडच्या टोकावर एक वर्ष झाले की ग्रेड पे तोच ठेवून पुढच्या वेतनबँडमध्ये नेत असत.

अनंत_दि

ही चर्चा वाचून मी माझे जुने पत्रक काढून पाहिले आणि ते इथे देणे उपयोगी होईल असे वाटले. माझी श्रेणी 4500-125-7000 होती. 7,000 वर मी मार्च 2003 मध्ये पोचलो आणि पहिली कुंठित वेतनवाढ मार्च 2005 मध्ये मिळून वेतन 7,125 झाले. पत्रकात 1.1.2006 च्या दोन ओळी आहेत. पहिल्या ओळीत 13,260 अधिक ग्रेड पे 2,800, एकूण 16,060. दुसऱ्या ओळीत त्याच तारखेची वेतनवाढ 490, एकूण 16,550. शेऱ्याच्या रकान्यात नियम 10 च्या परंतुकाचा उल्लेख आहे. म्हणजे मला कुंठित वेतनवाढ मिळून दहाच महिने झाले होते, वेतन श्रेणीच्या कमाल टप्प्याच्या वर होते, आणि तरीही जानेवारीची वेतनवाढ देण्यात आली. लेखापरीक्षणातही तिच्यावर आक्षेप आला नाही.

रेवा_वकील

हे फार महत्त्वाचे आहे. मी वर मांडलेले दोन्ही आक्षेप, कमाल टप्प्याच्या वर असल्याचा आणि वर्षभरात वाढ मिळाल्याचा, इथे एका कार्यालयाने विचारात घेतलेले नाहीत. एका कार्यालयाची कृती दुसऱ्यावर बंधनकारक नसते आणि चुकून दिलेला लाभ दुसऱ्याला मागता येत नाही असेही उत्तर येऊ शकते. पण समान परिस्थितीतील कर्मचाऱ्याला त्याच नियमाखाली लाभ मिळाला आहे, हे अर्जात लिहिण्याजोगे आहे. अनंतराव, नाव आणि खाते क्रमांक झाकून त्या पत्रकाची प्रत सायलीताईंना देता येईल का?

अनंत_दि

अवश्य. ताई, निरोपातून पत्ता कळवा.

सायली_प

कळवला आहे. माहितीच्या अधिकारातील अर्ज सोमवारी टाकते आणि रजेचा आदेश हाती आला की मुख्य अर्जात 2004 ची मागणी घ्यायची की नाही ते ठरवते. जमाखर्च काका, मुख्य अर्जाचा मसुदा तयार झाल्यावर इथे ठेवला तर तुम्ही पाहाल का?

जमाखर्च

जरूर ठेवा. मसुद्यात पहिल्याच परिच्छेदात तीन तारखा येऊ द्या: कमाल टप्पा गाठल्याची 1 नोव्हेंबर 2000, वेतननिश्चितीची 1 जानेवारी 2006 आणि निवृत्तीची 31 मे 2008. नुकसानीचा हिशेब वेगळ्या पानावर जोडा आणि त्यात 19,360 पासून 21,160 पर्यंतची प्रत्येक पायरी स्वतंत्र ओळीत लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला ती पत्रकाशी लगेच ताडून पाहता येईल.